बुश बसवल्यावर बोअर किती राहतो?

"कंपनीच्या माहितीत 'प्रत्येक नग शंभर टक्के तपासलेला' असं छापलंय. हळद पॉलिशच्या ड्रमच्या रोलरसाठी 60 गनमेटल बुश घेतले. हबमध्ये दाबून बसवल्यावर 11 मध्ये शाफ्टच जात नाही. जाऊन पाहिलं तर तीन लेथचं वर्कशॉप. क्वालिटी चेकिंग म्हणून करता तरी काय?"

नमस्कार साहेब,

परवा तुमच्याकडे आलो तेव्हा एक अडकलेला आणि एक चालणारा असे दोन बुश प्रेसवर काढून घेतले आणि दोन्ही हब मोजले. त्या लॉटचे दोन नग आमच्या कपाटात होते, तेही पुन्हा मोजले. चूक कुठे झाली ते आता नीट सांगता येतं. तुमच्यासारखे इतरही ग्राहक हे वाचतात, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

आमच्याकडच्या नगांचा बोअर 40.010 मिलीमीटर भरला आणि बाहेरचा व्यास 50.050. ड्रॉइंगवर बोअर 40 एच7 होता, म्हणजे 40.000 ते 40.025. त्या हिशेबाने माल बरोबर होता आणि आमच्या प्लग गेजनेही तो पास केला. घोळ त्यानंतरचा आहे. ज्या हबमध्ये शाफ्ट अडकला त्याचा बोअर 50.002 निघाला. म्हणजे बुश हबपेक्षा 48 मायक्रॉन मोठा, हीच ओढ. हब बिडाचा आणि जाड, तो फाकत नाही. मग दाब सगळा पातळ बुशवर येतो आणि तो आत आवळला जातो. अशा बुशमध्ये बाहेरून जेवढी ओढ असते, तिच्यातला साधारण पंच्याहत्तर ते ऐंशी टक्के भाग बोअर कमी होण्यात जातो. 48 मधले सुमारे 38 मायक्रॉन गेले, तर 40.010 चा बोअर 39.972 च्या आसपास येतो. तुमचा शाफ्ट 39.970. दोन मायक्रॉन जागेत शाफ्ट जाणार नाहीच.

दुसरा, चालणारा हब 50.022 होता. तिथे ओढ 28 मायक्रॉनचीच, त्यामुळे बोअर 39.988 वर थांबला आणि शाफ्ट गेला. दोन्ही हब तुमच्या 50 एच7 च्या मापात आहेत, दोष त्यांचा नाही. एकाच लॉटच्या बुशमधले काही अडकले आणि काही बसले, ते एवढ्यानेच.

चूक आमची आहे. हा बुश दाबून बसवायचा आहे हे बाहेरच्या मापावरूनच कळत होतं. बोअरचं माप बसवण्याआधीचं की बसवल्यानंतरचं, हे ड्रॉइंगवर लिहिलेलं नव्हतं. तेव्हा फोन करून विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. दाबून बसवायच्या बुशचा बोअर सुरुवातीलाच मोठा ठेवतात. 40 च्या बुशसाठी तो ई6, म्हणजे 40.050 ते 40.066 ठेवला की बसवल्यावर तो 40.000 च्या जरा वर येऊन थांबतो. हे मला माहीत होतं. तरी कागदावर जे होतं तेवढंच करून दिलं.

तपासणीबद्दलही सरळ सांगतो. कुपवाड एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप लहान आहे. दोन साधे लेथ, एक सीएनसी, एक ड्रिलिंग मशीन आणि माझ्यासह सात माणसं. साधारण 20 ते 80 मिलीमीटर बोअरचे गनमेटलचे बुश आणि थ्रस्ट वॉशर हेच आमचं मुख्य काम. बोअर मात्र खरोखर एकेक नगाचा तपासतो. प्लग गेजचं 'गो' टोक स्वतःच्या वजनाने आत उतरलं पाहिजे आणि 'नो गो' टोक तोंडाशीच थांबलं पाहिजे. बाहेरचा व्यास मायक्रोमीटरने पहिल्या नगाचा आणि मग दर पाचव्याचा घेतो. लांबी आणि चॅम्फर दर दहाव्याला. याला 'शंभर टक्के तपासणी' म्हणणं चूक होतं. कंपनीच्या माहितीतलं ते वाक्य आज काढलं आहे आणि वर लिहिलंय तसंच तिथे लिहिलं आहे.

एक गोष्ट आम्ही नेमाने पाळतो, तिच्यामुळे कधी कधी माल द्यायला एक दिवस जास्त लागतो. लेथवरून उतरलेला बुश हाताला गरम लागतो. गेजपेक्षा तो 15 अंशांनी गरम असेल, तर 40 चा बोअर जवळजवळ 11 मायक्रॉन मोठा दिसतो. तेव्हा गेज लावलं तर 'गो' आरामात जातं आणि सकाळी त्याच बुशमध्ये अडकतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये हे हमखास होतं. म्हणून बुश आणि गेज एकाच ट्रेमध्ये, आतल्या खोलीत, दोन-तीन तास ठेवतो आणि मगच तपासतो.

धातूची तपासणी आमच्याकडे होत नाही. पोकळ कास्टिंग फाउंड्रीतून येतं, एलटीबी2 ग्रेडचं. त्यात 85 टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं साधारण पाच-पाच टक्के. प्रत्येक हीटचं प्रमाणपत्र फाउंड्री देते, ते आम्ही फाईलला लावतो आणि मागितलं तर बिलासोबत पाठवतो. ब्लोहोल मात्र बोअर करताना आम्हालाच दिसतं. आतल्या अंगाला सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी तो नग भंगारात टाकतो.

आता तुमच्या रोलरचं. तुम्ही 11 बुशची तक्रार केली आहे, पण माझ्या मते उरलेले 49 ही तसेच चालवू नका. तुमच्या ड्रॉइंगच्या मापांनी शाफ्टभोवती 25 ते 75 मायक्रॉन जागा हवी. मी मोजलेल्या चालणाऱ्या बुशमध्ये ती 18 च आहे. एवढ्या फटीत ग्रीसचा थर नीट धरत नाही. ड्रम दहा-पंधरा मिनिटं चालवून थांबवा आणि हबला हात लावून बघा. एखादा हब बाकीच्यांपेक्षा गरम लागला, किंवा कडेने येणारं ग्रीस काळं पडून त्यात पिवळी चमक दिसली, तर तो बुश घासायला लागला आहे.

बुश काढून नवे घालायची गरज नाही. बसवलेल्या जागीच रीमरने बोअर 40.000 ते 40.025 वर आणता येतो. सगळे 60 हब आमच्याकडे पाठवा, गाडीभाडं आणि काम आमच्या खर्चाने. रोज वीस हब होतील. प्रत्येक हबवर बसवल्यानंतरचं माप पेंटने लिहून देतो, आणि तुमच्या माणसाला शाफ्ट घालून बघायला इथेच बोलावतो. हळदीचा हंगाम तोंडावर आहे. एकदम सगळे देता येत नसतील, तर अडकलेले 11 आधी पाठवा आणि बाकीचे ड्रम रिकामा होईल तसे द्या.

पुढच्या ऑर्डरचं ड्रॉइंग तेच राहणार असेल, तर बोअरच्या मापापुढे 'बसवल्यावर' एवढा एक शब्द लिहा. तो नसेल तर मीच फोन करेन आणि उत्तर मिळेपर्यंत कास्टिंग लेथला लावणार नाही.