पितृपक्षातल्या जादा गाड्या

एसटीत बत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे वृद्धाश्रमात आल्यावर माझी जागा आपोआप ठरली, फाटकाजवळचा बाक. वॉचमनच्या वहीत नाव आणि सही असते, कोण किती मिनिटं थांबलं ते माझ्या डोक्यात असतं.

एरवी वाहतूक विरळ. रविवारी चार ते सहा या भेटीच्या वेळात पाच-सहा मंडळी येतात, बहुतेक विनाथांबा. "बाबा, बरंय ना?" हे वाक्य चपला काढायच्या आत उरकतं. बारा नंबरच्या कुसुमताईंचा भाऊ तेवढा मुक्कामी गाडी. दोनदा चहा घेतो आणि निघताना फाटकापाशी पुन्हा वीस मिनिटं बोलत उभा राहतो. कुसुमताई त्याच्या पाठीमागून मला खुणावतात, अप्पा, डबल बेल द्या की!

पण भाद्रपदाची पौर्णिमा उलटली की डेपो फुलतो. वाडवडिलांच्या नावानं चार पानं वाढायची म्हटलं की गावाला आम्हीच आठवतो. ऑफिसातल्या फळ्यावर सगळ्या तिथ्या खडूनं भरलेल्या असतात. यंदा सर्वपित्रीला दोन पार्ट्या आल्या, म्हणून एकीला नाश्त्यावर वळवलं. अनोळखी माणसं वाकून नमस्कार करतात, आग्रहानं वाढतात, फोटो काढतात. जेवण उत्तम, तक्रार नाही. फक्त रोज तांदळाची खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, लाल भोपळा, आणि पुन्हा खीर. आमच्यात निम्मे मधुमेही. लोकांच्या पितरांच्या वतीनं जेवणं हे बसल्या जागेचं काम असलं, तरी सोपं नाही. कावळ्याला निदान बोट टोचून घ्यावं लागत नाही.

यंदा षष्ठीला तर अपघातच व्हायचा. जेवण साडेबाराचं ठरलेलं. माझं इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचं, म्हणून सिस्टरनं बाराला सुई दिली. टेम्पो वाहतुकीत अडकला, एक वाजता पोचला. मी पाटाकडे निघालो, तर यजमान म्हणाले, "जरा थांबा हं आजोबा, आधी कावळ्याला." पान कुंपणावर ठेवलं. कावळा समोरच बसला होता. पण आळीतल्या तीन घरची पानं टिपून आलेला, तो कसला शिवतोय! यजमान हात जोडून उभे. इकडे माझ्या कपाळावर घाम, हात थरथरायला लागले, आणि समोर एकाचे दोन यजमान दिसायला लागले. मला वाटलं, भक्ती म्हणतात ती हीच असावी. सिस्टरनं धावत येऊन बोट टोचलं. साखर अठ्ठावन्न! लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा कुठे मी जागेवर आलो. तेवढ्यात कावळाही शिवला. मग यजमानांनी भीतीपोटी मला दोन वाट्या खीर वाढली आणि मी भिडेपोटी खाल्ली. दुपारी साखर दोनशे नव्वद.

तेव्हापासून सिस्टरचा नियम झालाय, पान डोळ्यांना दिसल्याशिवाय सुई नाही. मी गुपचूप खीर चापतो याचाही तिनं बंदोबस्त केलाय. दिवाळीनंतर ती एचबीएवनसी काढते. त्यात मागच्या तीन महिन्यांचा हिशेब निघतो. कंडक्टरच्या वेबिलासारखंच ते, मधली खाडाखोड चालत नाही.

नवमीच्या चौकोनात माझ्या मुलाचं नाव होतं. अविधवा नवमी, त्याच्या आईची. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं हे श्राद्ध, आणि आमचे गुरुजी सांगायचे की नवरा गेला की ते बंद. म्हणजे हिची खीर चालू ठेवायची तर मला हयात राहणं भाग आहे. संसारात तिनं माझ्यावर टाकलेली ही शेवटची जबाबदारी.

मुलगा सव्वाबाराला आला, सूनबाई आणि केटररचा माणूस घेऊन. कावळ्याचं पान त्यानं घरूनच उरकून आणलं होतं, हुशार आहे. मग स्वतः खिरीचं पातेलं घेऊन पंगतीत वाढत निघाला. "घ्या आजोबा... घ्या आजी... सावकाश होऊ द्या." वाकलेली मान, नजर पातेल्यात. माझ्यापाशी आला, पळी रिती केली आणि म्हणाला, "घ्या आजोबा, सावकाश होऊ द्या."

पुढे दोन पानं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. मागे वळला, कानापर्यंत लाल झाला. मी म्हटलं, "अरे, चालू दे. वाटेत गाडी थांबवायची नाही." कुसुमताईंना हसताना ठसका लागला. त्यानं परत येऊन मला आणखी एक पळी वाढली, आणि सिस्टरनं चक्क दुसरीकडे पाहिलं.

एक वाजून दहा मिनिटांनी त्याची गाडी फाटकाबाहेर पडली. वॉचमन वही घेऊन माझ्याकडे आला. "अप्पा, साहेब सही करायला विसरले. वेळ काय लिहू?"

"सव्वाबारा ते दोन," मी म्हटलं.