ओढ्यात दिसणारं पाणी आणि जमिनीत मुरलेलं पाणी

पाणी जिरवायचं म्हटलं की गावात असा सल्ला ऐकू येतो: «ओढा जेवढा खोल कराल तेवढं पाणी मुरतं. जागा कुठलीही चालते, सगळीकडे दगडच आहे. दिवाळीनंतरही ओढा भरलेला दिसला की समजायचं भूजल वाढलं. आणि खर्च टाळायचा असेल तर पावसाचं पाणी सरळ कोरड्या बोअरमध्ये सोडा.»

सगळीकडे दगड आहे हे खरं, पण तो एकसारखा नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आहेत. मुरूम आणि भोकाभोकांचा मांजऱ्या पाणी धरतात. अखंड काळा कातळ जवळजवळ काहीच धरत नाही आणि दोन थरांमधला लाल गेरू पाण्याला अडवतो. हे थर बघायला यंत्र लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ओढ्यालगतच्या तीन-चार विहिरींत डोकवा. बांधकाम संपतं तिथून खाली किती हात मुरूम आहे, कातळ कुठे लागतो आणि झरे कोणत्या थरातून येतात ते टेपने मोजून लिहून ठेवा. मग ऑक्टोबरअखेर त्याच विहिरींची पाणीपातळी मोजा, पण उपसा निदान एक रात्र बंद ठेवून. नाहीतर चालू मोटारीने ओढलेली पातळी खरी समजून जागा चुकते.

आता एका ओढ्यावरच्या दोन विहिरी घेऊ. खालच्या विहिरीत १ मीटर काळी माती, ९ मीटरपर्यंत मुरूम-मांजऱ्या आणि त्याखाली कातळ आहे. ऑक्टोबरअखेर पाणी शेताच्या पातळीपासून ४ मीटरवर असतं. ओढ्याचा तळ मुळातच शेतापेक्षा २ मीटर खाली आहे. तो आणखी ६ मीटर खोदला की तळ ८ मीटरवर गेला, म्हणजे विहिरींच्या पाण्याच्या ४ मीटर खाली. आता ओढा पाणी मुरवत नाही, उलट दोन्ही काठांच्या विहिरींतलं पाणी मुरमातून झिरपून ओढ्यात येतं. दिवाळीनंतर जो भरलेला ओढा दिसतो तो हाच. फोटो सुंदर येतो, पण उघड्या पाण्याची वाफ होत राहते आणि विहिरी एरवीपेक्षा लवकर तळ गाठतात. इथे फक्त गाळ काढून मुरूम उघडा करायचा आणि पाणीपातळीच्या वरच थांबायचं. त्याहून जास्त खर्च करायची ही जागाच नाही.

वरच्या विहिरीत मुरूम १० मीटरपर्यंत आहे आणि ऑक्टोबरअखेर पाणी ९ मीटरवर. बंधारा इथे घाला. पातळी ३ मीटरच्या वर आणायची नाही, नाहीतर जमीन चिबडते. म्हणून रिकामी जागा ६ मीटर धरायची. मुरूम-मांजऱ्याची पाणी धरायची क्षमता साधारण २ टक्के धरतात. अखंड कातळाची त्याच्या पावपटही नसते. परिसर ८ हेक्टर असेल तर ८०,००० × ६ × ०.०२ = ९,६०० घनमीटर, म्हणजे ९६ लाख लिटर. ३,००० घनमीटरचा बंधारा पावसाळ्यात तीनदा भरून तीनदा रिकामा झाला की ही जागा जवळपास भरते. म्हणजे बंधारा लवकर रिकामा होणं हे चांगलं लक्षण आहे. गावात मात्र त्यालाच «बंधारा गळतो» म्हणून नावं ठेवतात.

मुरतंय की नुसतं साठलंय हे ओळखायला बंधाऱ्यात खुणा केलेली काठी रोवा. आवक थांबल्यावर, उपसा नसताना, रोज सकाळी एकाच वेळी वाचा. ऑक्टोबरमध्ये बाष्पीभवन दिवसाला साधारण ५ मिलिमीटर असतं. पातळी तेवढीच उतरत असेल तर काही मुरत नाही. २५-३० मिलिमीटर उतरत असेल तर काम होतंय. पहिल्या वर्षी भराभर उतरणारी पातळी तिसऱ्या वर्षी मंदावली, तर तळावर गाळाची साय धरली आहे. उन्हाळ्यात ती खरवडून काढा. काळ्या मातीवर बांधलेल्या तळ्यात हे पहिल्याच पावसात दिसतं, कारण ती माती भिजून फुगते आणि भेगा मिटतात. माती दोन-तीन हातांपेक्षा जाड असेल तर खाली मुरूम लागेपर्यंत चर घ्या, नाहीतर जागा बदला.

बोअरचा उपाय सर्वांत घातक. शेतातलं पाणी गाळ, खत आणि औषध घेऊन येतं. मातीत गाळण न होता ते थेट खोलवर जातं आणि बारीक भेगा गाळाने बुजतात. विहिरीसारखा तो उपसून काढता येत नाही. शिवाय बोअर कोरडी आहे याचा अर्थ खाली भेगाच नाहीत असाही असू शकतो. साडेसहा इंची बोअरमध्ये २०० फुटांना साधारण १,३०० लिटर मावतं. टँकरचं स्वच्छ पाणी सोडून बघा. तेवढ्यातच बोअर तोंडापर्यंत भरली आणि तासाभराने पातळी जागची हलली नाही, तर ती नुसती उभी टाकी आहे. पाणी ओढून घेणारी बोअर असेल तरी छपराचं पाणीच सोडा, तेही पहिल्या एक-दोन पावसांचं बाहेर काढून आणि खडी-वाळूच्या गाळणीतून.