नवरा : नपुंसकलिंगी, एकवचनी

"काकू, पंधरा मिनिटांचं काम आहे," असं म्हणून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीणबाईंनी मला जे काम दिलं, त्यात माझे अकरा दिवस गेले. दोन वेळा भाजी करपली आणि लग्नाला अडतीस वर्षं झालेल्या नवऱ्याचं लिंग बदललं. व्याकरणातलं. काळजीचं कारण नाही.

झालं असं की गेल्या वर्षी आमच्या भोंडल्यात 'श्रीकांता कमलकांता' सुरू होतं. ते गाणं तुम्हाला ठाऊकच असेल. एका बाईच्या नशिबी वेडा नवरा आलेला. ती लाडू करते, तो 'चेंडू चेंडू' म्हणून खेळायला घेतो. ती करंजी करते, तो 'होडी होडी' म्हणून पाण्यात सोडतो. ऐलमा पैलमाला आवाज बसलेल्या बायकासुद्धा या गाण्याला तावातावानं गातात. तर तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची एकजण फेर सोडून निघाली आणि निमूटपणे खिरापतीचे डबे लावत बसली. तिचा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियानं आजारी आहे आणि तिच्याकडेच राहतो, हे आम्हाला खूप नंतर कळलं. त्या दिवशी तो वरच्या गॅलरीत उभा राहून खाली बघत होता आणि आम्ही पंचवीसजणी हात धरून गोल फिरत 'तिकडून आला वेडा' म्हणत होतो.

ती काही बोलली नाही. तिनं तक्रार केली असती तर एकवेळ भांडता आलं असतं.

इंग्रजांच्या १९१२ च्या 'इंडियन ल्युनसी ॲक्ट'ला, म्हणजे वेडाच्या कायद्याला, १९८७ च्या कायद्यानं निकालात काढलं. पुढे २०१७ साली मानसिक आरोग्याचा आणखी नवा कायदा आला. सरकारलासुद्धा जो शब्द नकोसा झाला, तो आम्ही पाटावरच्या हत्तीभोवती अजून फिरवत होतो. तेव्हा शब्द बदलायचा हे ठरलं. गाणंच गाळा, असंही एक मत होतं, पण ते मांडणाऱ्या बाई भोंडल्याला फक्त खिरापत ओळखण्यापुरत्या येतात, म्हणून बाद झालं. मी शाळेत मराठी शिकवायची, म्हणून काम माझ्याकडे. अट एकच : "चाल तीच पाहिजे हं काकू. आणि यमकही."

पहिल्या दिवशी मी सरळ सरकारी शब्द घातला : 'मनोरुग्णाच्या बायकोने केले होते लाडू'. हे डायनिंग टेबलावर बोटांनी ठेका धरून बसले होते. तीनदा म्हटलं आणि तिन्ही वेळा ह्यांची बोटं माझ्या आधी लाडवांपाशी पोचली. मग मात्रा मोजल्या. 'वेड्याच्या' म्हणजे तीन गुरू, सहा मात्रा. 'मनोरुग्णाच्या' म्हणजे नऊ. भोंडल्याचं गाणं बसून गायचं नसतं, ते पायांनी गायचं असतं. तीन मात्रा जास्त झाल्या की एक पाऊल जास्त पडतं, आणि पंचवीसजणींच्या फेरात एक पाऊल जास्त पडलं की चोविसाव्या बाईच्या पायावर पंचविसावी येते. 'दिव्यांगाच्या'चंही तेच. आदरार्थी शब्द लांबच का असतात, कोण जाणे. अपमान कसा दोन अक्षरांत होतो.

सहा मात्रांत बसणारा सभ्य शब्द म्हणून 'भोळ्याच्या' घेतला. चपखल बसला. भोळ्याच्या बायकोने केले होते लाडू, तिकडून आला भोळा. मी खूश होऊन पोळ्यांना लागले आणि तिसऱ्या पोळीला धृपद आठवलं.

अस्सं कसं झालं,
अस्सं कसं वेड माझ्या नशिबी आलं.

खरी मेख इथे होती. इथे 'वेडा' नाही, 'वेड' आहे. ते वेड. नपुंसकलिंगी. म्हणून 'आलं', आणि म्हणून 'झालं'शी यमक. 'भोळा' घातला की 'आला' करावं लागतं, आणि मग वरच्या ओळीत 'अस्सं कसं झाला' म्हणावं लागतं. असं मराठी परराज्यातून नुकतीच बदली होऊन आलेला बँक मॅनेजर बोलतो. म्हणजे मला नवऱ्यासाठी असा शब्द हवा होता जो तीन मात्रांचा आहे, नपुंसकलिंगी एकवचनी आहे, बायकोची हताशा दाखवतो आणि कुठल्याही आजाराचं नाव नाही.

मराठीची श्रीमंती अशा वेळी कळते. नवऱ्याला उद्देशून वापरता येतील असे नपुंसकलिंगी शब्द मी वाणसामानाच्या यादीमागे लिहायला घेतले आणि कागद पुरेना. 'खूळ' पहिल्यांदा सुचलं, पण तो वेडाचाच सख्खा भाऊ. 'भूत' बसत होतं, पण लहान मुलं रात्री घाबरतील. 'सोंग' चांगलं होतं. पण आजारी माणूस सोंग करतो, असं म्हणणारे नातेवाईक त्या दुसऱ्या मजल्यावरचीनं पुष्कळ ऐकले असणार, म्हणून खोडलं. 'पात्र' जरा नाटकी. 'स्थळ' सुचलं तेव्हा मी टाळीच वाजवली, कारण नशिबी येतं ते स्थळच! पण 'स्थळ'च्या दोनच मात्रा. 'स्थऽळ' असं ताणून म्हणून पाहिलं, तर 'थाळ' ऐकू यायला लागलं. नशिबी थाळ आला तर रडायचं कशाला?

मधेच टोरांटोहून लेकीचा फोन आला. ती म्हणाली, "आई, आमच्या राष्ट्रगीताचंही असंच झालं." कॅनडाच्या गीतात 'दाय सन्स', म्हणजे 'तुझे पुत्र', असं होतं. २०१८ साली त्याचं 'ऑफ अस' केलं. दोन अक्षरं काढली, दोन घातली, सुराला धक्का नाही. गंमत म्हणजे १९०८ च्या मूळ इंग्रजी पाठात ते 'सन्स' नव्हतेच. काही वर्षांनी घुसवले होते. "शंभर वर्षं लागली बाहेर काढायला," लेक म्हणाली. मी म्हटलं, "माझ्याकडे सहा दिवस आहेत. आणि तुमच्या इंग्रजीत लिंग नाही, तुम्ही मला शिकवू नका."

फोन ठेवला आणि पाहते तर हे समोर उभे. पायजम्यावर स्वेटर, तोही उलटा, कपाळावर एक चष्मा, नाकावर दुसरा, आणि विचारतायत, "माझा चष्मा पाहिलास?"

"काय ध्यान आहे!" मी म्हटलं, आणि तशीच खुर्चीत बसले.

ध्यान. तीन मात्रा. ते ध्यान. आलं! 'अस्सं कसं ध्यान माझ्या नशिबी आलं'. 'ध्यानाच्या बायकोने', पुन्हा तीन गुरू, सहा मात्रा, पावलाला पाऊल. 'तिकडून आलं ध्यान' म्हणताना शेवटी एक मात्रा कमी पडते, पण ओळीच्या टोकाला आवाज लांबवला की ती भरून निघते. आणि पुढचं 'त्याने डोकावून पाहिले' बदलावंच लागत नाही, कारण 'तो' असो की 'ते', मराठीत दोघांनी 'त्याने'च पाहायचं असतं.

हे समितीला दाखवलं आणि मग खरा कहर झाला. 'वेडा' होता तोवर सोसायटीतल्या एकाही पुरुषाला त्या गाण्याचं काही वाटलं नव्हतं. 'ध्यान' म्हटल्याबरोबर चार नवरे दुखावले. "हे सरसकट सगळ्यांना लागू होतं," असं एकजण म्हणाले. तेच तर हवं होतं. दुसरी हरकत तळमजल्यावरच्या माळकरी आजींची. "'सुंदर ते ध्यान' तुकोबांनी पांडुरंगाला म्हटलंय. तुम्ही विठोबाला लाडवांचे चेंडू खेळायला लावताय होय?" यावर ह्यांनी उत्तर दिलं ते मला अजून आवडतं : "आजी, अठ्ठावीस युगं उभा आहे बिचारा. खेळू दे की थोडं."

जोर चढल्यावर समितीनं 'अक्कण माती'लाही हात घालायचं ठरवलं. 'अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारितं' यानं सासरच्यांचा अपमान होतो म्हणे. इथे मात्र मी साफ नाही म्हटलं. कोंडून मारत होते म्हणून तर कुणीतरी ते गाण्यात घातलं. सगळं गोड केलं तर ज्या सुनेला बोलायला भोंडल्याखेरीज जागा नव्हती, तिचं तोंड आपण पुन्हा बंद करणार. खरं तर 'श्रीकांता'तही ते आहेच. मुलाचा आजार लपवून लग्न लावून दिलेल्या कुणा बाईचा तो 'अस्सं कसं झालं' असावा, असं मला वाटत राहतं. 'ध्यान' घातल्यावर तेवढं दुखणं कमी झालं, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्या मजल्यावरची ती फेरात परत यायला हवी होती.

राहिलं शेवटचं कडवं. तिथे बायको पलंगावर झोपलेली असते, नवरा येऊन पाहतो आणि 'मेली मेली म्हणून त्याने जाळून टाकली'. हे आम्ही सातव्या वर्षी हसत हसत म्हणायचो! मी आधी 'दमली दमली म्हणून त्याने शाल पांघरली' असं केलं. आमच्या नातीनं नाक मुरडलं. "आजी, यात तो चुकतच नाही. मग गंमत काय?" पोरगी बरोबर बोलली. लाडू चेंडूसारखा दिसतो, करंजी होडीसारखी. गाण्याचा सगळा जीव त्या चुकण्यात आहे. झोपलेली बाई पाहून नवऱ्याचा कुठला गैरसमज होईल, जो जीवघेणा नाही?

हे मला माझ्या संसारानं सांगितलं :

रुसली रुसली म्हणून त्याने समजूत काढली.

'रुसली' लिहिताना तीन अक्षरं, म्हणताना 'रुस्ली', म्हणजे 'मेली'इतकेच दोन ठोके. 'जाळून' पाच मात्रा, 'समजूत' पाच. 'टाकली' पाच, 'काढली' पाच. समजूत स्त्रीलिंगी, म्हणून 'पाहिली'शी यमकही जागच्या जागी. अकरा दिवसांत एवढी एकच ओळ मला बसवावी लागली नाही, ती आपणहून येऊन बसली.

भोंडल्याच्या दिवशी मी पंचवीस प्रती काढून नेल्या आणि मैदानात उभं राहिल्यावर लक्षात आलं की फेरात हात धरलेले असतात. कागद धरणार कशानं? मग खड्या आवाजाच्या दोघींना समोरासमोर उभं केलं आणि ओळ त्यांनी आधी म्हणायची, बाकीच्यांनी मागून, असं ठरवलं. तरी पहिल्या दोन फेऱ्यांत 'तिकडून आला-लं वे-ध्यान' असंच चाललं होतं. तोंडाला चाळीस वर्षांची सवय, ती कागदाला कुठली जुमानते! तिसऱ्या फेरीपासून जमलं. दुसऱ्या मजल्यावरची माझ्याच उजव्या हाताला होती, आणि 'समजूत काढली'ला तिचा आवाज माझ्यापेक्षा वर गेला. गाणं थांबलं. त्या शांततेत एका ठोक्यानं मागे राहिलेल्या माळकरी आजींचा एकटा आवाज आला : "...जाळून टाकली!"

"माझी जळली बाई," आजी म्हणाल्या आणि खिरापतीचा डबा हलवून बघायला लागल्या.

रात्री घरी आले तेव्हा पायाचे तुकडे पडले होते. दिवा न लावता तशीच पलंगावर आडवी झाले. डोळा लागतोय न लागतोय तोच दारात पावलं वाजली. तिकडून आलं ध्यान. त्यानं डोकावून पाहिलं, दिवा लावला, मला हलवून उठवलं आणि काळजीनं विचारलं,

"काय गं, माझं काही चुकलं का?"