आज्जीनं फोटो "डब्यात" ठेवले होते

म्हाताऱ्या माणसांना मोबाईल जमत नाही असं कुणी म्हटलं की मला आता खरंच राग येतो, कारण न जमणं कुणाचं असतं ते मी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात बसून बघितलंय.

घरातल्या फोटोंसाठी मी एक छोटं अ‍ॅप बनवलं. पुण्याची आत्या, मुंबईचा काका, आम्ही, सगळ्यांचे फोटो एकाच ठिकाणी. आज्जीच्या फोनवर टाकून दिलं, लॉगिन करून दिलं, आणि मला वाटलं झालं काम. आठवड्यानं आत्याचा फोन, जोतिबाच्या यात्रेचे अकरा फोटो गायब!

मी आज्जीला काही बोलले नाही, नुसती शेजारी बसले. ती लसूण सोलत होती, पदराला हात पुसले आणि फोन घेतला. फोटोवर बोट ठेवलं, काहीच झालं नाही. वयानं बोटाची कातडी कोरडी पडते, त्यामुळं स्क्रीनला कधीकधी स्पर्श कळतच नाही. मग तिनं जोर लावून दाबून धरलं. पण स्क्रीनला जोर कळत नाही, बोट किती वेळ टेकलंय एवढंच कळतं, आणि साधारण अर्धा सेकंद टेकलं की ते लाँग प्रेस होतं. झालं, फोटो उघडायच्या ऐवजी सिलेक्ट झाला, बरोबरची खूण आली आणि वर कचऱ्याच्या डब्याचं चित्र आलं.

मी विचारलं, आज्जी हे काय गं?

"डबा न्हवं का. चांगलं फोटू हुतं, डब्यात ठेवलं जपून."

मला काय बोलावं तेच सुचेना. जिनं आयुष्यभर चकल्या, लाडू, कागदपत्रं, सगळं डब्यात जपून ठेवलं तिला मी झाकणवाला डबा दाखवला होता, आणि त्याच्याखाली एक शब्दसुद्धा लिहिला नव्हता. चूक माझी, शंभर टक्के.

फोटो परत मिळाले. डिलीट केलं तरी फोटो लगेच पुसायचा नाही, नुसती खूण करून ३० दिवस ठेवायचा असं मी आधीच लिहिलं होतं म्हणून वाचले.

त्या रात्री लाँग प्रेस काढूनच टाकलं. चित्रंसुद्धा काढून टाकली, मोठी बटणं केली आणि त्यावर मराठीत लिहिलं, "काढून टाका". ते दाबलं तरी पुढं तोच फोटो मोठा दिसतो आणि "हा नको?" असं विचारतो. बटण निदान ९ मिलिमीटर तरी पाहिजे असं म्हणतात, मी आज्जीच्या अंगठ्याएवढं केलं. आत्या म्हणाली अ‍ॅप दिसायला बरं राहिलं नाही, तर नसू दे!

काल आज्जीनं भिंतीवरच्या तिच्या आईच्या फोटोचा स्वतः मोबाईलवर फोटो काढला आणि अ‍ॅपवर टाकला, काचेवर ट्यूबलाईट चमकतीय त्यात, आणि मला म्हणते, "ही कोण ते कुठं लिवायचं गं? पोरांना कळाय नको?"

लिहायला जागाच नव्हती. आज तेच करत बसलीय. तिला टाईप करायला लावणार नाही, बोलून सांगता येईल असं करतीय.