निरोपाचं भाषण आणि साजूक तूप

पोरगा नोकरीला जर्मनीत चाललाय, स्टुटगार्टला. म्हणून परवा सोसायटीच्या हॉलमध्ये जेवण ठेवलं होतं आणि बाप म्हणून मी दोन शब्द बोलायचं ठरलं. दोन शब्द म्हणजे पाठपोट लिहिलेले कागद होते, पण सांगतोय कुणाला!

सुरुवात झकास झाली, हॉल चिडीचूप, बायकोने रुमाल काढलेला. मी म्हणालो, "परवा ह्याच्या आईने बॅगेत साजूक तुपाची बरणी ठेवली, आणि मला एकदम जाणवलं की..."

काय जाणवलं ते अजून माझ्या पोटातच आहे. कारण पहिल्या रांगेतून बी विंगचे काका उठले. हे पूर्वी एअरपोर्टवर कार्गोत होते, त्यामुळे कुणी शिर्डीला निघालं तरी ह्यांना बॅगेचं वजन विचारायचं असतं.

"तूप काढा."

"काका, भाषण चालू आहे."

"चालू द्या की. पण तूप काढा. दूधदुभतं आणि मटण-चिकन युरोपात बाहेरून नेता येत नाही. कस्टमवाल्यांनी पकडलं तर बरणी कचऱ्यात."

मागून एक वहिनी म्हणाल्या, "मग बेसनाचे लाडू?"

काकांनी डोळे मिटले. "केक, बिस्किटं, चॉकलेट, मिठाई चालते. म्हणजे लाडू मिठाईत धरला तर सुटला, तुपात धरला तर गेला. समोरच्या ऑफिसरवर आहे. पेढे मात्र सरळ दूध, ते विसरा."

झालं, हॉलमध्ये लाडवावरून दोन तट पडले. कुणीतरी लोणच्याचं विचारलं. तर ते चेक-इनमध्येच टाकायचं, कारण हँडबॅगेत १०० मिलीच्या वरच्या बाटलीत पातळ काही चालत नाही आणि तेल सुटलेल्या लोणच्याला सिक्युरिटीवाले पातळच म्हणतात. लोक मोबाईलमध्ये लिहून घेत होते हो! माझं एक वाक्य कुणी लिहून घेतलं नाही.

"काका, आणि पॉवर बँक?" हा प्रश्न उत्सवमूर्तीचा. माझ्याच पोराचा.

"हँडबॅगेतच. चेक-इनमध्ये टाकलीस तर बॅग उघडायला लावतील."

"थँक्स काका, खूप उपयोग झाला."

मला असं कधी म्हणाल्याचं आठवत नाही. कोचिंगची फी, जर्मनचा क्लास, व्हिसाच्या कागदांच्या झेरॉक्स, सगळीकडे बाप लागतो, फक्त सही करायला आणि लाईनीत उभं राहायला. एकदा तोंड उघडलं तर मध्ये कस्टम. आणि ह्या हॉलमध्ये आता असेच कार्यक्रम होतात, बारशी कुठे दिसतात? निम्म्या फ्लॅटमध्ये आम्ही म्हातारेच उरलोय, वेळ मिळाला की व्हिडिओ कॉल.

"हं, बोला आता," काका म्हणाले, "पण आवरतं घ्या, मसालेभात गार होतोय."

मी म्हणालो, "सांभाळून राहा, फोन करत जा," आणि बसलो. टाळ्या मात्र जोरात पडल्या, बहुतेक जेवणासाठी.

काल सकाळी काका हुकवाला वजनकाटा घेऊन घरी हजर. बॅग २३ किलोच्या वर भरली, मग दोन पुस्तकं आणि आईने दिलेली चादर बाहेर आली. बरणी ते स्वतःच घेऊन गेले, म्हणाले, वाया कशाला घालवता. तूप घरी कढवलेलं होतं, विकतचं नव्हे.