आधीचा फोटो म्हणजे प्रश्नाचा आलेख नव्हे

“पानांचे फोटो क्रमाने टाका, प्रश्न आधीच्याच फोटोतल्या आलेखावरचा असतो. फारच शंका आली तर उतारा प्रत्येक प्रश्नाखाली चिकटवा.”

स्पर्धा परीक्षेच्या जुन्या प्रश्नपत्रिका एकत्र करणाऱ्या कोल्हापुरातल्या अभ्यासिकांच्या गटांवर हा सल्ला फिरतो आहे.

पहिली अडचण क्रमाचीच आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो `IMG-20240512-WA0007.jpg` अशा नावाने साठवला जातो; त्यातील शेवटचा आकडा त्या फोनवरील त्या दिवसाचा अनुक्रम असतो, पानाचा नव्हे. त्यामुळे तेच पान दुसऱ्याच्या फोनवर वेगळ्या क्रमांकाने उतरते. शिवाय राज्यसेवेच्या सीसॅटची पुस्तिका ए, बी, सी, डी अशा संचांत असते आणि त्यांत प्रश्नांचा क्रम बदलतो, म्हणून निव्वळ ‘प्रश्न 33’ एवढी खूण कोणत्याही आलेखापर्यंत नेत नाही.

‘आधीच्याच फोटोतला आलेख’ हे गृहीतक तर अधिक घातक आहे, कारण चूक लक्षातच येत नाही. समजा, पहिल्या फोटोत साखर कारखान्यांच्या गाळपाचा स्तंभालेख आणि खाली ‘प्रश्न 31 ते 34’ अशी सूचना आहे. दुसऱ्या फोटोत 31 ते 33 हे प्रश्न आणि त्याखाली पुढच्या हंगामाचा आलेख आहे. प्रश्न 34 मात्र तिसऱ्या फोटोत गेला आहे. तो विचारतो, ‘क कारखान्याचे गाळप अ पेक्षा किती टक्के जास्त आहे?’ पहिल्या आलेखात अ 40 आणि क 50 असेल तर उत्तर 25 टक्के येते, दुसऱ्यात अ 50 आणि क 70 असेल तर 40 टक्के. पर्यायांत दोन्ही आकडे असले, की चुकीच्या आलेखावरून सोडवणाऱ्याला शंका येण्याचे कारणच उरत नाही. येथे निर्णय फोटोच्या शेजारावर नव्हे, तर ‘31 ते 34’ या सूचनेवर सोडायला हवा.

उतारा प्रत्येक प्रश्नाखाली चिकटवण्याने दुवा टिकतो, हे मान्य. पण टंकलेखनातील एक चूक पाच ठिकाणी दुरुस्त करावी लागते आणि एखादी प्रत तशीच राहते. त्यापेक्षा आलेखाला एकदाच स्वतंत्र ओळख द्यावी, उदाहरणार्थ `2023-A-G2`, आणि चारही प्रश्नांपुढे ती लिहावी. आलेखाचे शीर्षक, एकक आणि तळटीप त्याच नोंदीत असावीत. ‘आकडे लाख टनांत’ ही ओळ कापली गेली, तर टक्केवारी वाचते, पण प्रत्यक्ष वजन विचारणारा प्रश्न कोसळतो. सराव चाचणीसाठी प्रश्न मिसळताना हे चार एकत्रच हलवावेत.

पडताळणी अवघड नाही. सूचनेतील व्याप्ती आणि जोडलेल्या प्रश्नांची संख्या जुळवावी, मग ‘वरील’, ‘उताऱ्यानुसार’, ‘आलेखात’ असे शब्द असूनही ओळख नसलेले प्रश्न शोधावेत. ‘पुढील विधाने विचारात घ्या’ असे प्रश्न स्वयंपूर्ण असल्याने ते यात धरू नयेत. मात्र ‘वरील प्रश्नातील माहितीनुसार’ असे म्हणणाऱ्या प्रश्नाला आलेखाबरोबरच त्या आधीच्या प्रश्नाचीही ओळख जोडावी लागते.