बुलेटच्या हँडलवर कॅमेरा आणि त्यावर बर्फाची पिशवी

"अ‍ॅक्शन कॅमेरा घेतलाय? मग हे करा. १) कॅमेरा गाडीच्या हँडलवरच घट्ट लावा. २) व्हिडिओ हलतोय तर स्टॅबिलायझेशन बूस्टवर टाका, सगळं सरळ होतं. ३) व्ह्यू सगळ्यात रुंद ठेवा. ४) क्वालिटी कायम ५.३के ६०. ५) कॅमेरा तापून बंद पडला तर बर्फाची पिशवी लावा, दोन मिनिटांत चालू. एवढं करूनही थरथरला तर कॅमेरा डुप्लिकेट आहे, दुकानदाराला परत द्या. सगळ्या रायडर मित्रांना पाठवा."

हा मेसेज पावसाळा लागल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपांत फिरतोय. माझ्या भाच्याने तो अक्षरशः पाळला. जांबोटीवरून कणकुंबीकडे बुलेटवर गेला, परत आला आणि "मामा, कॅमेरा डुप्लिकेट निघाला" म्हणत दुकानात भांडायला निघाला. त्याची क्लिप मी बघितली. कॅमेरा अस्सल आहे, सल्ला खोटा आहे. आणि असे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण नुकसान होतं ते पैसे साठवून कॅमेरा घेतलेल्या पोरांचं.

आधी एक तपासणी सांगतो, ती केल्याशिवाय कुठल्याही सेटिंगला हात लावू नका. क्लिप मध्येच थांबवा आणि ती एक फ्रेम नीट बघा. फ्रेम स्वच्छ असेल, पण चालू केल्यावर सगळं चित्र उड्या मारत असेल, तर तो साधा हिसका. त्यावर स्टॅबिलायझेशन चालतं. थांबलेल्या फ्रेममध्ये विजेचा खांब नागमोडी दिसत असेल तर ती इंजिनाची थरथर. आणि फ्रेमच पुसट, फराटा ओढल्यासारखी असेल तर शटर हळू पडलंय. भाच्याच्या क्लिपमध्ये माळावरचे खांब नागमोडी होते आणि कणकुंबीच्या झाडीतला रस्ता फराट्यासारखा. बूस्टने जे बरं होतं, ते दुखणं त्या क्लिपमध्ये जवळजवळ नव्हतंच.

खांब नागमोडी का दिसतो ते समजून घ्या, कारण पहिले दोन्ही मुद्दे इथेच पडतात. बुलेटचं इंजिन एका सिलिंडरचं. ३००० आरपीएमला ते सेकंदाला ५० फेरे घेतं, म्हणजे हँडल सेकंदाला ५० वेळा थरथरतं. कॅमेऱ्याचा सेन्सर पूर्ण चित्र एका क्षणात टिपत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत जातो. एक फ्रेम वाचायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो असं धरा. तेवढ्यात हँडलची अर्धी थरथर होऊन जाते. खांबाचा शेंडा टिपला तेव्हा कॅमेरा एकीकडे होता, बुंधा टिपेपर्यंत दुसरीकडे गेला. मग सरळ खांब वाकडा छापला जातो, आणि पुढच्या फ्रेममध्ये वेगळाच वाकडा.

स्टॅबिलायझेशन काय करतं? कॅमेऱ्यातला जायरो कॅमेरा किती अंशांनी फिरला ते मोजतो आणि त्यानुसार चित्र उलट्या दिशेने सरकवतो. खड्ड्यातला दणका, मानेची हालचाल याला हे उत्तम. पण एकाच फ्रेमच्या आत झालेला असा जलद वाकडेपणा त्याला पुरता सरळ करता येत नाही, आणि पुसट झालेली फ्रेम तर कुठलंच स्टॅबिलायझेशन स्वच्छ करू शकत नाही. "घट्ट लावा" हे तेवढंच अर्धं खरं आहे, ढिला माउंट वाईटच. पण हँडलवर जितकं घट्ट लावाल तितकी इंजिनाची थरथर थेट कॅमेऱ्यात जाते. त्यात दोन-तीन लांब जोड लावून कॅमेरा पुढे काढला असेल तर टोकाला ती आणखी वाढते.

हाच मेसेज वाचून काहीजण मोबाइल हँडलवर लावू लागलेत, म्हणून सांगतो. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलची थरथर आयफोनचा कॅमेरा बिघडवू शकते, असं अ‍ॅपलने स्वतः २०२१ मध्ये जाहीर केलंय. फोन हँडलला थेट लावू नका, लहान गाडीवर लावायचाच तर थरथर शोषणारा माउंट वापरा, हेही त्यांनीच सांगितलंय. तिथे कारण असं की त्या फोनमध्ये लेन्स हलवून स्थिर करणारी नाजूक यंत्रणा असते. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यात सहसा ती नसते, म्हणून तो बिघडत नाही, फक्त फुटेज वाया जातं.

मग लावायचा कुठे? फुल फेस हेल्मेटच्या हनुवटीवर, नाहीतर छातीच्या पट्ट्यावर. तुमची पाठ, कंबर आणि मान ती बारीक थरथर गिळतात. उरतात ते मोठे, सावकाश हेलकावे, आणि ते साधं स्टॅबिलायझेशन सहज काढतं. बुलेटवर आपण ताठ बसतो म्हणून छातीवरूनही रस्ता छान येतो. वाकून बसायच्या गाडीवर मात्र छातीवरून टाकीच दिसेल, तिथे हनुवटीच. चिकटवायचा माउंट आदल्या दिवशी कोरड्या, पुसलेल्या हेल्मेटवर लावा. भर पावसात लावलेला चोर्ला घाटात निघून पडणार.

झाडीतल्या फराट्याचा इलाज वेगळा. उजेड कमी झाला की ऑटोमध्ये शटर १/६० किंवा त्याहून हळू होतं. ३० फ्रेमला शटर १/१२० च्या खाली येऊ देऊ नका आणि आयएसओची मर्यादा वाढवा. चित्रात दाणे येतील, ते चालतील. फराटा नंतर निघत नाही.

रुंद व्ह्यूबद्दल नाइलाजाने मान्य करतो की त्यात हादरा कमी जाणवतो. १२० अंशांच्या चित्रात एका अंशाचा हिसका ढोबळमानाने रुंदीचा १२०वा भाग, ६० अंशांच्या चित्रात तोच ६०वा. पण बूस्ट चित्राच्या कडा कापूनच काम करतो. म्हणजे एका मुद्द्याने मिळवलेली रुंदी दुसऱ्याने घालवली. काही मॉडेलांत सगळ्यात रुंद व्ह्यूला बूस्ट मिळतच नाही. साधा वाइड, साधं स्टॅबिलायझेशन, पुरे.

आता तापणं. ५.३के ६० म्हणजे ४के ३० च्या जवळजवळ चौपट पिक्सेल दर सेकंदाला, वर बूस्टचं गणित. कॅमेऱ्याला पंखा नाही, तो वाऱ्यावर थंड होतो. धावत्या गाडीवर निभतं. तोच कॅमेरा एप्रिलच्या उन्हात कुस्तीच्या मैदानावर तिकाटण्यावर ठेवला की बंद पडतो.

आणि बर्फ? हा सगळ्यात घातक सल्ला. कणकुंबीच्या पावसात तुम्ही बॅटरी बदलायला झाकण उघडता, दमट हवा आत शिरते, झाकण लागतं. त्यावर बर्फ ठेवला की काच आधी गार पडते आणि आतल्या हवेतली वाफ काचेच्या आतल्या बाजूला धरते. भाच्याच्या नंतरच्या सगळ्या क्लिपांवर मधोमध धुकं आहे, बाहेरून कितीही पुसलं तरी न जाणारं. तेच पाणी सर्किटवर बसलं तर कॅमेरा गेला.

तापला तर बंद करा, सावलीत आणि वाऱ्यात ठेवा, ४के ३० वर या, वाय-फाय आणि जीपीएस बंद करा. एका जागी ठेवून तासभर शूट करायचं असेल तर बऱ्याच मॉडेलांत बॅटरी काढून पॉवर बँकेवर कॅमेरा चालतो, बॅटरीची उष्णता तेवढी वाचते. आपल्या मॉडेलला ते जमतं का ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि झाकण उघडं राहत असेल तर पाऊस नसतानाच.